नोव्हेंबरात गोड झालेली खाडी

मनस्वीच्या प्रबंधाचा अहवाल मी काढला तेव्हा त्यावर साम्य सहा टक्के आले होते. विद्यापीठाची मर्यादा दहा टक्क्यांची. म्हणजे माझ्या बाजूने काम संपले होते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांचे प्रबंध साहित्यचोरी शोधणाऱ्या प्रणालीत घालतो, येणारा अहवाल छापतो आणि मार्गदर्शकांकडे पोहोचवतो. माझी पदवी भौतिकशास्त्राची आहे, पण त्या प्रणालीशी माझे चांगले जमते.

मनस्वी सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती. ती जयगडची. जयगडच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे चिखलात राहणारे खायचे शिंपले, आणि पाण्याची बदलती क्षारता हा तिचा विषय. वर्षभर ती दर महिन्याला भरती-ओहोटी बघून चिखलात उतरली होती. गोव्यातल्या एका संशोधन प्रकल्पात तिची निवड झाली होती, पण सोमवारी संध्याकाळपर्यंत प्रबंध सादर केल्याचा दाखला पाठवला नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला जाणार होती. दाखल्यासाठी तिच्या मार्गदर्शक राजश्री मॅडमची सही हवी. आणि मॅडम वाचन झाल्याशिवाय सही करत नाहीत.

हे वाचन म्हणजे त्यांच्या विभागाची जुनी रीत. प्रबंधाचे पहिले प्रकरण विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत बसून मोठ्याने वाचायचे. मुले त्याला ‘मॅडमचा सत्यनारायण’ म्हणतात, कारण पोथी मध्ये सोडता येत नाही आणि शेवटी शिरा नसला तरी चहा मिळतो. मॅडम समोर कागद ठेवत नाहीत. त्या ऐकतात, हातात पेन्सिल असते, आणि कुठेतरी ती टेबलावर टक् करून वाजते. का वाजली ते त्या शेवटी सांगतात.

शुक्रवारी दुपारी मी अहवाल घेऊन गेलो तर वाचन सुरूच होत होते.

“बस समर्थ,” मॅडम म्हणाल्या. “तुझ्या मशीनला काय ऐकू आलं ते नंतर बघू.”

मनस्वी इंग्रजीतले प्रकरण वाचू लागली. तिसरे वाक्य सुरू होताच पेन्सिल वाजली. मग चौथ्या वाक्यात मधेच. मनस्वीचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. माझ्याकडे प्रबंधाची एक प्रत होती. कुतूहल म्हणून मी प्रत्येक टक्‌ला समासात रेघ मारत गेलो. मनस्वीच्या तोंडून सगळी वाक्ये एकाच सुरात येत होती. मला कुठेच काही खटकत नव्हते, आणि पेन्सिल तर थांबत नव्हती.

“झालं?” मॅडमनी विचारले. “आता सांग, हे किती जणांनी लिहिलंय?”

“मीच लिहिलंय, मॅडम.”

“पहिल्या वाक्यात तिसरीचं जुनं शास्त्रीय नाव आहे, तिसऱ्या वाक्यात नवं. मधल्या काळात तू मत बदललंस का? क्षारता आधी हजारी भागात मोजलीस, पुढे नव्या पद्धतीने, एकक न लिहिता, आणि पुन्हा जुन्यावर आलीस. एक जण लांब श्वासाचा आहे, दर वाक्यात तीन अटी घालतो. त्याच्या शेजारी शाळेच्या पुस्तकातला माणूस बसलाय. आणि ‘वरील तक्त्यात दाखवल्याप्रमाणे’ म्हणतेस, तो तक्ता कुठे आहे?”

तक्ता कुठेच नव्हता.

“हे सगळं मी एक वेळ सोडलं असतं,” मॅडम म्हणाल्या. “नोव्हेंबरात तू खाडीत उतरली होतीस ना?”

“हो.”

“क्षारता किती आली?”

“अठ्ठावीस.”

“आणि जुलैत?”

“तीन.” उत्तर देताना मनस्वीला पुढचा प्रश्न कळला असावा, कारण तिने कागद खाली ठेवला.

“मग पहिल्या प्रकरणात खाडीची क्षारता नोव्हेंबरात सर्वांत कमी कशी? नोव्हेंबरात आपल्या खाडीचं पाणी गोड झालं तर जयगडची माणसं घागरी घेऊन धावतील.”

मला हसू आले, ते मी खोकल्यात घातले. मनस्वीला मात्र हसू येत नव्हते. ते वाक्य मुळात पूर्व किनाऱ्यावरच्या एका खाडीबद्दल होते. तिथे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, म्हणून पाणी नोव्हेंबरात गोडसर होते. मनस्वीने नदीचे नाव बदलले, क्रियापद बदलले, वाक्य उलटे केले. महिना तसाच राहिला.

“मी उचलून नाही लिहिलं, मॅडम,” ती म्हणाली. “पाच-सहा शोधनिबंध उघडे ठेवले होते. प्रत्येकातलं एकेक वाक्य घ्यायचे, तीन-चार शब्द बदलायचे, मग दुसऱ्यातलं. परिच्छेदाच्या शेवटी सगळ्यांची नावंही दिली आहेत. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे. माझं कोण वाचणार?”

“नावं दिलीस, म्हणजे विचार कोणाचा ते सांगितलंस. शब्द कोणाचे ते नाही सांगितलंस. वाचणाऱ्याला वाटतं, हे वाक्य तू बांधलंस.”

“पण अहवालात सहाच टक्के आहेत.” तिने माझ्याकडे पाहिले. “सांग ना रे, समर्थ. नियमात बसतं ना?”

“बसतं,” मी म्हणालो. खरे तेच होते.

“नियम मशीनने पाळला,” मॅडम म्हणाल्या. “सही मला करायची आहे. असलं पहिलं प्रकरण घेऊन तू गोव्याला गेलीस, तर पहिल्याच बैठकीत कुणीतरी नोव्हेंबरबद्दल विचारेल. तेव्हा पेन्सिल वाजवायला मी नसेन.”

त्यांनी सही केली नाही. सोमवारी सकाळी पुन्हा वाचन, असे सांगितले, आणि तोवर कसे लिहायचे तेही. मनस्वी बाहेर जाऊन पायरीवर बसली.

मी समासातल्या रेघांकडे बघत होतो. मला एक गोष्ट तपासायची होती. ही प्रणाली मजकुराचे काही शब्दांचे छोटे तुकडे पाडते, एकावर एक सरकणारे, आणि त्या तुकड्यांचे ठसे तिच्या साठ्यातल्या ठशांशी ताडून बघते. एखादा शब्द बदलला की त्या शब्दाला शिवणारे तुकडे तेवढे जुळत नाहीत. दोन बदलांच्या मधला न बदललेला पट्टा पुरेसा लांब असेल तर तो जुळतोच. शब्द बदलल्याने माग पुसला जात नाही, फक्त तुटक होतो. पण आमच्या ग्रंथालयात एक गाळणी लावलेली असते: सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्य मोजायचे नाही, कारण शास्त्रातली नेहमीची शब्दरचना सगळ्यांचीच सारखी असते. मनस्वीचे पट्टे बहुतेक त्याहून लहान होते. म्हणून सहा.

मी गाळणी काढून अहवाल पुन्हा काढला. तेवीस टक्के. पण आकड्यापेक्षा पान बघण्यासारखे होते. प्रणाली प्रत्येक स्रोताला वेगळा रंग देते. दुसऱ्याचा सलग परिच्छेद उचलला तर एका रंगाचा ठोकळा दिसतो. इथे लाल, मग जांभळा, थोडे पांढरे, हिरवा, परत लाल, गोधडीसारखे. मी माझी प्रत शेजारी ठेवली. रंग जिथे बदलत होता, तिथे बहुतेक ठिकाणी माझी रेघ होती.

मी दोन्ही प्रती घेऊन जवळजवळ धावतच मॅडमकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदा त्यांना पेन्सिलीपेक्षा कागदात रस वाटला.

“इथे मी वाजवलं आणि रंग नाही,” त्या एका वाक्यावर बोट ठेवून म्हणाल्या. उठल्या, कपाटातून एक काळ्या बांधणीचा जुना प्रबंध काढला, आणि फारसे न शोधता पान उघडले. तेच वाक्य, दोन शब्दांच्या फरकाने. “स्वप्नाचा आहे, माझ्या पहिल्या बॅचमधली. हा कधी इंटरनेटवर गेलाच नाही. तुझ्या मशीनने जे पाहिलंच नाही ते तिला कुठून सापडणार?”

“आणि इथे रंग आहे, पण तुम्ही वाजवलं नाही.”

त्यांनी ते वाक्य दोनदा वाचले. “अरे, हे मला मनस्वीचंच वाटलं होतं. आवडलंही होतं.” मग हसल्या. “इथे मशीन जिंकली. लिहून ठेव.”

मी खरोखर लिहून ठेवले. ठशांच्या हिशेबाने चालणारे यंत्र आणि आयुष्यभर खाडी वाचलेली बाई, दोघांनी वेगळ्या वाटेने जाऊन जवळजवळ त्याच जागी बोट ठेवावे, याचे मला आजही नवल वाटते. यंत्राला शब्द सारखे दिसले. मॅडमना माणसे वेगळी ऐकू आली. आणि नोव्हेंबर फक्त मॅडमनाच दिसला. यंत्राला पावसाशी काही देणेघेणे नाही.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि मनस्वीला ते रंगीत पान दाखवले. तिने त्यावरून बोट फिरवले.

“माझा रंग कुठला रे?”

“पांढरा.”

“शी. एवढासाच.”

शनिवार-रविवार आम्ही तिथेच बसलो. मॅडमनी तिला एकच रीत सांगितली होती. सगळे निबंध बंद करायचे. विषय न जाणणाऱ्या माणसाला तोंडी सांगायचे. तसेच लिहायचे. मग निबंध उघडून आकडे आणि संदर्भ पडताळायचे. एखादे वाक्य तसेच्या तसे हवेच असेल तर अवतरणचिन्हात, नावासकट. विषय न जाणणारा माणूस मी होतो.

“बाहेर ओहोटी लागली तरी आत पाणी चढतंच असतं?” मी विचारले.

“कधी कधी हो. काय फिजिक्स शिकलास रे तू?”

आणि मग ती सांगू लागली की थांबेना. जुलैत तिसऱ्या चिखलात किती खोल जातात, पायाला कशा लागतात, शिंपले मिटून किती तग धरतात. त्यातले अर्धेअधिक कोणत्याच निबंधात नव्हते. ते तिच्या वहीतही नव्हते, पायांना माहीत होते. मी मधेमधे बोलत होतो. क्षारतेचा आलेख पाहून एकदा म्हणालो, “ही पावसाच्या आलेखाची उलटी सावली आहे, पण उशिराने पडलेली.” तिने मान हलवली आणि लिहीत राहिली.

सोमवारी सकाळी नवा अहवाल पाच टक्के आला. आकडा फार उतरला नव्हता, कारण पद्धतीच्या प्रकरणातली ठरलेली वाक्ये तशीच होती. गाळणी काढूनही पहिले प्रकरण मात्र जवळजवळ पांढरे होते. रंग उरला होता तो अवतरणातल्या एका व्याख्येवर.

मनस्वीने वाचायला सुरुवात केली. इंग्रजी आधीपेक्षा साधे होते. दोन जागी अडखळणारेही. पहिले पान झाले, दुसरे झाले. पेन्सिल मॅडमच्या बोटांत आडवी पडून होती. मी माझ्याकडच्या प्रतीत रेघ मारायला पेन उघडून बसलो होतो, ते वाळायला लागले.

तिसऱ्या पानावर टक्.

मनस्वी थांबली. घड्याळाकडे बघायचे तिने टाळले.

“हे तुझं नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण कुठल्या निबंधातलंही वाटत नाही. सावली, उलटी, उशिरा. आपल्यापैकी कुणी खाडीबद्दल असं बोलत नाही. हा पाण्यात न उतरलेला माणूस आहे.”

मनस्वीने हळूच माझ्याकडे बोट केले.

“अस्सं,” मॅडम म्हणाल्या. “मग त्याच्या नावाने ठेव, नाहीतर तुझं तू लिही.”

“मॅडम, असू दे ना,” मी म्हणालो. “माझी हरकत नाही.”

“तुला कोण विचारतंय?”

मनस्वीने पेन घेतले, ते वाक्य खोडले आणि वर तिरपे लिहिले. मग वाचून दाखवले. त्याचा अर्थ असा होता: पाऊस ओसरला तरी खाडीत खारे पाणी लगेच परतत नाही, वरून नदी अजून ओतत असते.

माझे वाक्य जास्त नेमके होते, असे मला वाटले. मॅडमची पेन्सिल मात्र हलली नाही. मनस्वीने शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, मॅडमनी टेबलाच्या खणातून पेन काढून सही केली, आणि मग चहा सांगितला.