काकू बेकारांत बसत नाहीत

मी घरोघरी जाऊन रोजगाराची पाहणी करते. दर तीन महिन्यांनी तीच घरं, तेच प्रश्न. मला पाहिलं की लोक दार लोटून घेतात.

कारखाना बंद पडल्यावर वस्तीत मोफत प्रशिक्षण केंद्र निघालं. बेकारीचा दर सात टक्क्यांखाली गेला की केंद्र बंद, असा नियम. या खेपेला दर नऊवरून सहावर आला. साहेबांनी खूश होऊन चहा पाजला. मीही प्यायले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या काकूंनी मला रस्त्यात गाठलं. पुढच्या महिन्यापासून त्या केंद्रात बिलं करायला शिकणार होत्या. पन्नाशीच्या बाईला दुसरं कोण दारात उभं करणार?

"आमच्या गल्लीत काम कुणाला लागलं, एक नाव सांग," त्या म्हणाल्या.

मी ऑफिसात आकडे उघडले. हजार माणसांत आधी ५४६ कामावर होती, ५४ शोधात. आता कामावर ५४०, शोधात ३५. म्हणजे कामावरची सहा कमीच झालेली. पण दर काढताना शोधणाऱ्यांना भागतात ते कामावरचे आणि शोधणारे यांच्या बेरजेने. मागच्या चार आठवड्यांत ज्याने काम शोधलंच नाही, तो त्या हिशोबात नाहीच. पंचवीस माणसं हात टेकून घरी बसली आणि दर उतरला.

का शोधलं नाही, हे पुढे विचारायचं असतं. मी आळशीपणाने ते विचारतच नव्हते. बाईच्या हातात केरसुणी दिसली की टॅबवर 'घरकाम' दाबून मोकळी. माझी मलाच लाज वाटली.

हे कबूल केल्यावर साहेब माझ्यावर चिडले, पण फेरभेटीला त्यांनी परवानगी दिली. पंचवीसपैकी एकोणीस जण म्हणाले, काम द्या, उद्या येतो. मिळणारच नाही म्हणून शोधायचं सोडलं. काकूंनी सतरा ठिकाणी नकार ऐकला होता, अठराव्यासाठी चपला कशाला झिजवायच्या? हे एकोणीस बेकारांत आणि एकूण बेरजेतही धरले, की दर पुन्हा नऊ. साहेबांनी तसं टिपण वर पाठवलं. वरून उत्तर आलं, की नियमात मुख्य दरच धरला जातो. केंद्र बंद करायला फार तर पुढच्या खेपेपर्यंत थांबू.

मुख्य दरात जायचं तर काम शोधतेय असं खोटं सांगू का, असं काकूंनी विचारलं. खोटं मी लिहिणार नाही म्हटलं, आणि 'मागच्या चार आठवड्यांत काम शोधलंत का?' हा प्रश्न तेवढा वाचून दाखवला.

पुढच्या खेपेला त्या दारातच उभ्या होत्या. एका लॉन्ड्रीत आणि दोन दवाखान्यांत काम मागून आल्या होत्या, शेजारणींनाही घेऊन. तिन्हीकडे नकार. मी पत्ते विचारून नोंद केली.

"आता तरी बेकार झाले ना मी?"

"झालात, काकू."

त्या समाधानाने हसल्या. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.