मिथाइल रेडचे ५.३४

वर्गातली पोरं मला काकू म्हणतात. म्हणोत बापडी! लेक नववीत गेल्यावर मी परत कॉलेजात आले आणि गेल्या वर्षी याच प्रॅक्टिकलला आपटले. ही शेवटची संधी. आज नापास, तर पदवी कायमची गेली. सकाळी दारातच लेकीने बजावलं, "आई, घाई करू नकोस. आणि कुणाशी भांडू नकोस!"

मिथाइल रेड हा रंग आम्लात लाल दिसतो, आम्ल कमी झालं की पिवळा. दोन्ही रूपं निम्मी-निम्मी होतात तो पीएच म्हणजे त्याचा पीकेए. सहा बीकरांत मी रंग सारखाच घातला, ॲसिटिक आम्ल कमीजास्त केलं, पीएच मोजला आणि रंगाची तीव्रता मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर लाल-पिवळ्याचं प्रमाण काढलं. आलेखाची रेघ इतकी सरळ आली की बघत राहावं. पण उत्तर ५.३४! पुस्तकात पाचच्या आसपास.

शेजारचा चष्मेवाला कुजबुजला, "काकू, माझं ५.०२. सगळ्यांचं तसंच आलंय. आकडे जरा सरकवा की."

"तुझे आकडे तुलाच लखलाभ," मी म्हटलं.

कागद पुन्हा पसरले. सहाही द्रावणांचे वर्णपट एकाच बिंदूत छेदत होते, रेघेचा चढही बरोबर एक. म्हणजे रंगाचं माप चोख होतं. मग सहाही पीएच सारखेच वर चढलेले असणार. मेला मीटरच खोटं बोलत होता!

मीटर सकाळी मामांनी, म्हणजे लॅबच्या शिपायांनी, पीएच चारच्या प्रमाण द्रावणाच्या एकाच बाटलीवर जुळवून लावला होता. "मामा, बाटली ताजी आहे ना?"

"ताजीच. बीकरात उरतं ते त्यातच परत ओततो. वाया कशाला घालवायचं?"

"अहो मामा, काय केलंत हे!" कालच्या बॅचचा कुठला आम्लाचा बीकर तिच्यात रिकामा झाला होता, देव जाणे. बाटलीतला खरा पीएच चारच्या खाली गेलेला आणि मीटर त्यालाच चार समजत होता, म्हणून सगळे आकडे वर.

परीक्षक बाईंना सांगून मी नवी सीलबंद बाटली फोडली आणि मीटर परत लावला. बाकीच्यांचे बीकर धुऊन पालथे पडले होते. माझे मात्र भरलेले होते. सगळ्यांची जेवणं झाल्याशिवाय मी घरीसुद्धा भांडी घासत नाही. पुन्हा मोजल्यावर प्रत्येक पीएच ०.३३ने उतरला. उत्तर आलं ५.०१! मी आनंदाने टेबलावर थापच मारली.

बाईंनी वही पाहिली, मग वर्गाकडे वळल्या. "सगळ्यांना मीटर हाच होता?"

"हो," चष्मेवाला म्हणाला.

"त्याच जुन्या बाटलीवर लावलेला?"

"हो."

"मग तुमचं ५.०२ आलं कुठून?"

चष्मेवाल्याने आपली वही हळूच मिटली. मी ५.३४ खोडायला पेन उचललं, तर बाईंनी हात धरला. "राहू दे ते. खरं मोजलंय हे त्यावरूनच कळतं." दोन्ही आकड्यांखाली त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "पास. आणि वर्गात पहिली."

बाहेर येऊन लेकीला फोन लावला.

"आई, झालीस का पास?"

"झाले गं! पहिली आले!"

"आणि भांडलीस?"

"थोडंसंच. मामांशी."