आधी बोट, मग मी

गौरव गेल्याला वर्ष होत आलं, तेव्हा मृणालीने त्याचा जुना संगणक बदलायला काढला. गौरव जहाजावर इंजिनिअर होता. त्याच्या हार्ड डिस्कवर आणि फुगलेल्या बॅटरीच्या मोबाइलमध्ये काय काय आहे, ते तिने आधी कागदावर उतरवलं. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई ती, वर्गवारीशिवाय तिला सुचायचं नाही. विम्याचे आणि बोटीचे कागद पहिले, मग फोटो, मग गाणी. मोबाइलमधून गौरवने वेळोवेळी डिस्कवर उतरवून, मोबाइलमधून पुसून टाकलेल्या ध्वनिफिती सगळ्यांत शेवटी. त्यांना नावं नव्हती, नुसते क्रमांक. नव्या संगणकावर वाजतात का पाहायला तिने त्यातल्या दोन तिकडे नेल्या. सुरुवातीलाच इंजिनाची घरघर ऐकू आली. तिने त्या बंद केल्या आणि कागदावर लिहिलं : इंजिनचे आवाज, कमी महत्त्वाचे.

दुसऱ्या दिवशी जुनी डिस्क कटकट वाजू लागली. दुरुस्तीवाला बाळा कान लावून म्हणाला, "वहिनी, हिचं काही खरं नाही. हवंच असेल ते आधी घ्या. जितकी फिरवाल तितकी झिजेल."

"यादी तयार आहे," मृणाली म्हणाली.

"मग अर्धं काम झालं. इतर लोक रडत येतात, तुम्ही कागद घेऊन आलात."

कागदपत्रं आली, फोटो आले. गाण्यांच्या मध्यावर डिस्क थांबली ती थांबलीच. बाळाने पुन्हा जोडून पाहिलं, केबल बदलली. संगणकाला ती दिसेचना.

मृणालीला फारसं वाईट वाटलं नाही. घरी येऊन तिने सासूबाईंना फोटो दाखवले. मालनबाईंनी ते शांतपणे पाहिले.

"आणि माझं?" त्या म्हणाल्या.

"तुमचं काय, आई?"

"अगो, तो बोटीवरून मोबाइलात बोलून आणायचा ना माझ्यासाठी. तू शाळेत असलीस की ऐकवायचा. मला वाचता येत नाही म्हणून. आधी बोट ऐक म्हणायचा, मग मी."

मृणाली उठली. नव्या संगणकावर त्या दोन फिती होत्या. पहिलीत शेवटपर्यंत घरघरच निघाली. दुसरी तिने लावली आणि या वेळी बंद केली नाही. घरघर हळूहळू मागे गेली, लोखंडी दार लागल्याचा आवाज आला.

"आये, ऐकलंस? आज भात कच्चा होता. तुझी आठवण आली."

मालनबाई हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "हा जुना. पुढचे लाव. शेवटच्या खेपेचा लाव."

मृणालीने माउस सोडला.

"पुढचे नाहीत, आई," ती म्हणाली. "मी ते शेवटी ठेवले होते."

मालनबाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"मग हाच लाव परत," त्या म्हणाल्या. "बोटीपासून."