त्याला परत बोलावलं

भाषांतराचं ते ऑफिस झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. तिथे चिनी कागद आले की ते बाईंच्या टेबलावर जात, आणि बाईंचं झालं की शेजारच्या टेबलावर, कात्रीकाकांकडे. काकांचं काम मराठी तपासायचं. कुणाच्याही वाक्यातला एखादा शब्द काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे, म्हणून ते नाव. बाई त्यांच्याच हाताखाली शिकल्या होत्या.

त्या सोमवारी वकिलाकडून एक जुना कागद आला. परदेशातल्या एका गोदीत तीन वर्षांपूर्वी अपघात झाला होता. जहाजाच्या टाकीत वायू पसरून एक वेल्डर आणि एक फिटर, आपल्याकडचे दोघं, गेले होते. गोदीचा चौकशी अहवाल चिनीत होता. तेव्हा घरच्यांना कळावं म्हणून बाईंनीच त्याचं मराठी केलं होतं. आता फिटरच्या बायकोला चौकशी पुन्हा उघडायची होती, त्यासाठी इंग्रजी प्रत हवी होती.

बाईंनी इंग्रजी लिहायला घेतलं आणि चौथ्या पानावर त्यांचा हात थांबला.

तिथे लागोपाठ तीन लहान वाक्यं होती आणि तिन्हींत ‘बेइ’ होतं. चिनीत क्रियापदाआधी बेइ आलं, की वाक्यातला माणूस करणारा नसतो, त्याच्यावर काहीतरी झालेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते बरं नसतं. कुणी केलं ते बेइनंतर लिहिता येतं. लिहिलं नाही तरी चालतं. इंग्रजीत ही वाक्यं सरळ बसत होती: वेल्डरला परत टाकीत बोलावण्यात आलं. झडप उघडण्यात आली. दोघं विषारी वायूकडून बेशुद्ध केले गेले.

बाईंनी कपाटातून जुनी मराठी प्रत काढली. त्यात लिहिलं होतं: ‘वेल्डर पुन्हा टाकीत गेला. वायूची झडप उघडली. विषारी वायूने दोघांनाही बेशुद्ध केलं.’

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग उठून कागद काकांपुढे ठेवला.

“काका, झडप कुणी उघडली असं वाटतं हे वाचून?”

काकांनी चष्मा वर केला. “वेल्डरने. आत गेला, उघडली. का?”

“मूळ चिनीत तसं नाहीये. तिथे तो गेला नाही, त्याला बोलावलं. आणि झडप कुणी उघडली ते लिहिलेलंच नाही.”

काकांनी कागद जवळ ओढला. “तुझा कच्चा खर्डा आहे का?”

खर्डा फाइलमध्ये होता. बाईंनी तेव्हा लिहिलं होतं, ‘बोलावला गेला’, ‘उघडली गेली’. त्यावर लाल शाईची आडवी रेघ होती, आणि समासात काकांचं अक्षर: ‘हे मराठी नव्हे. सरळ कर्तरी करा.’

“वायूचं वाक्य मी बरोबर फिरवलं,” काका हळूच म्हणाले. “तिथे करणारा लिहिलेला होता, वायू. त्याला पुढे आणला की झालं. पण या दोन्हींत करणारा नव्हता गं. मी ज्याला पुढे आणला, तो बिचारा वेल्डर.”

“मीही मान्य केलं ना. सही माझी आहे.”

“तू मला विचारायचं होतंस.”

“विचारलं असतं तर तुम्ही रागावला असता.”

“हो,” काका म्हणाले. “रागावलो असतो.”

दुपारी दोघांनी मिळून ती वाक्यं नव्याने केली. ‘बोलावला गेला’ आताही कानाला खुपत होतं. शेवटी बाईंनी लिहिलं, ‘वेल्डरला परत टाकीत बोलावलं.’ मराठीत बोलावणारा न सांगताही बोलावता येतं, आणि ज्याला बोलावलं तो ‘ला’ लागून जिथल्या तिथे राहतो. झडपेला मात्र तेवढ्याने भागेना. नुसतं ‘उघडली’ म्हटलं, तर ती आपोआप उघडली किंवा त्याने उघडली, दोन्ही अर्थ निघतात. तिथे ‘उघडण्यात आली’ हेच ठेवलं. काकांनी ते कागदी शब्द चार वेळा वाचले, पण कात्री लावली नाही.

ही नवी मराठी प्रत डाकेने पाठवायला बाईंचं मन धजेना. संध्याकाळी दोघं वेल्डरच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. वेल्डरची बायको शिवणाच्या मशीनवर बसली होती. तिने दोरा तोडला, त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी आणलं.

बाईंनी वाचून दाखवलं. जुनं, मग नवं.

ती म्हणाली, “ताई, परत एकदा वाचा. बोलावलं तेवढंच.”

“वेल्डरला परत टाकीत बोलावलं.”

“त्या दिवशी त्याची पाळी संपली होती. मला फोन केला होता, निघालो म्हणाला. मग हा कागद आला, पुन्हा आत गेला म्हणून. तीन वर्षं मी त्याच्याशी भांडते आहे. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. कशाला गेलास, काय अडलं होतं तुझं.” तिने पदराने तोंड पुसलं. “त्याला हाक मारली होती म्हणजे.”

“हो.”

“कुणी?”

“ते लिहिलेलं नाही. मला माझ्या मनाने लिहिता येत नाही.”

“मागच्या वेळी आलं की.”

बाईंनी खाली पाहिलं. काका पुढे झुकले. “त्यांचं नाही, पोरी. ते मी बदललं.”

ती त्यांच्याकडे नीट बघत म्हणाली, “माझे सासरे दर रविवारी फिटरच्या घरी जायचे. दोन गल्ल्या पलीकडे. माझ्या मुलाने तुमचा माणूस मारला, मला माफ करा, म्हणायला. तिथल्यांनी कधी दार उघडलं नाही. बाबा तिथेच पायरीवर बसायचे आणि परत यायचे. मागच्या थंडीत गेले ते. आता त्यांना कोण सांगणार?”

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

मग तिने चपला घातल्या. “चला. तुम्हीच वाचा तिथे. मी वाचलं तर खोटं वाटेल.”

फिटरच्या बायकोने दाराची साखळी काढली नाही. फटीतूनच तिने बाईंचं सगळं ऐकून घेतलं. बाईंनी चूक आपली म्हणून सांगितली, काकांनी आपली म्हणून सांगितली. शेवटी ती एवढंच म्हणाली, “म्हणजे म्हातारे उगाच येत होते.” आणि साखळीच्या आत तिचा हुंदका फुटला. थोड्या वेळाने साखळी निघाली. वेल्डरची बायको आत गेली. बाई आणि काका जिन्यावरच थांबले. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं.

इंग्रजी प्रत बुधवारी वकिलाकडे गेली. सोबत बाईंनी सहीचं पत्र जोडलं, की आधीच्या मराठी प्रतीत दोन वाक्यं चुकली होती आणि वेल्डरवर आलेला ठपका मूळ अहवालात नाही. चौकशी उघडली. बोलावणाऱ्याचं आणि झडप उघडणाऱ्याचं नाव मागवलं गेलं. पाच महिन्यांनी गोदीचं उत्तर आलं: त्या पाळीची नोंदवही सापडत नाही.

ते उत्तर आलं त्याच आठवड्यात काकांनी काम सोडलं. बाईंनी पुष्कळ सांगून पाहिलं. ते म्हणाले, डोळे दुखतात. त्यांच्या टेबलावर आता कुणी बसत नाही. बाई स्वतःचं मराठी स्वतःच तपासतात, आणि एखादं वाक्य अडलं की सवयीने मान वळवून विचारायला जातात.