गप्प बसलेला प्रोग्राम

उरकुडे गुरुजींनी चौतीस वर्षं पोरांच्या चुका काढल्या आणि निवृत्त झाल्यावर स्वतःला करता याव्यात म्हणून लॅपटॉप घेतला, असं त्यांच्या बायकोचं, मंदाबाईंचं मत होतं. गुरुजींचं म्हणणं अर्थातच निराळं होतं.

गेल्या साली करिश्मा टेकामची नर्सिंगची शिष्यवृत्ती हुकली होती. ती देणाऱ्या वनिता न्यासाच्या वेबसाइटवर सूचना लागते, आठ दिवस अर्ज घेतात आणि दार बंद. गावाला ती कळली नवव्या दिवशी. बारावीला ब्याऐंशी टक्के मिळवलेली पोरगी वर्षभर कापूस वेचत राहिली. यंदाही हुकली तर बाप लग्न लावून मोकळा होणार होता. पाहुणे एकदा पोहे खाऊन गेलेही होते. गुरुजींच्या जिवाला हे लागलं होतं.

वेबसाइट रोज बघायची म्हटलं तर माणूस एखाद दिवशी विसरतोच. म्हणून गुरुजी मोबाइलवरचे धडे बघून प्रोग्राम लिहायला शिकले. तीन महिने लागले. दोनशे पानी वहीत समास आखून त्यांनी पायथॉन या प्रोग्रामच्या भाषेचे नियम उतरवून काढले. प्रोग्रामचं काम साधं होतं: न्यासाचं पान उतरवून घ्यायचं, मागच्या वेळी जपून ठेवलेल्या पानाशी ताडून बघायचं, आणि फरक दिसला की गावाच्या टेलिग्राम ग्रुपवर ‘नवीन सूचना आली’ असा निरोप टाकायचा. दर अर्ध्या तासाला हे आपोआप व्हायचं.

पहिल्याच दिवशी ग्रुपवर बावीस निरोप पडले.

सकाळी आठ वाजता करिश्माचा बाप, गणपत टेकाम, कागदांची पिशवी घेऊन हजर झाला. साडेआठला परत आला. नऊ वाजता आला तेव्हा त्याच्या मागे आणखी चारपाच बाप होते.

“गुरुजी, अर्ध्या अर्ध्या घंट्यानं कोन वाटून राह्यलं जी शिष्यवृत्ती?” गणपत म्हणाला. “न्यासवाल्यायले येड लागलं का?”

गुरुजी पान पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. सूचना त्याच, जुन्याच. फरक म्हणून कुठे दिसेना. मंदाबाई तांदूळ निवडता निवडता मागून डोकावल्या.

“अवो, थे खाली काय लिवलं हाय? ‘आतापर्यंतचे पाहुणे’?”

“वेबसाइट किती जणांनी पाह्यली, त्याचा आकडा हाय थो.”

“मंग थो त बदलनारच नं! तुमीच दर अर्ध्या घंट्यानं पाहुने जाता तिथं.”

गुरुजींनी कपाळाला हात लावला. त्यांचा प्रोग्राम पान बघायला जायचा, त्याच्या जाण्यानंच आकडा एकानं वाढायचा, आणि वाढलेला आकडा बघून तोच गावभर बोंब ठोकायचा. चोर तोच आणि पाटीलही तोच.

मग त्यांनी सगळं पान ताडायचं सोडलं. पानातला फक्त सूचनांचा तक्ता शोधायचा, त्यातल्या एकेका ओळीचं नाव आणि दुवा घ्यायचा, आणि जुन्या यादीत नसलेली ओळ सापडली तरच निरोप टाकायचा. वेळही अर्ध्या तासाची काढून सकाळी सात आणि संध्याकाळी पाच अशी केली. ग्रुप शांत झाला. मधे एकदा वसतिगृहाची सूचना खरोखर आली, तर त्याच संध्याकाळी पाचला निरोप पडला. गुरुजींची मान ताठ झाली.

एकच कटकट उरली. इंटरनेट गेलं की प्रोग्राम लाल अक्षरांत काय चुकलं ते सांगून थांबायचा. गुरुजींना लाल शाई दुसऱ्याच्या वहीतच बघायची सवय. त्यांनी एका धड्यातून तोड शोधून काढली: ‘काही चुकलं तर काही करू नको, पुढे चल.’ इंग्रजीत दोनच शब्द लागतात. ते लिहिले आणि लाल अक्षरं गेली.

त्यानंतर तीन आठवडे काहीच आलं नाही. गुरुजी निवांत होते. मग एका दुपारी करिश्मा शेतातून तशीच धावत आली. पायात चपला नव्हत्या.

“गुरुजी, माह्या मैत्रिणीनं न्यासाचा फॉर्म भरला! आज पाच वाजता बंद होते म्हन्ते!”

“शक्यच नाई बाई. सूचना असती त माहा प्रोग्राम बोलला असता. थो गप्प हाय.”

“गप्प हाय का मेला, थे त पाहा!” मंदाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

गुरुजींनी ते दोन शब्द पुसले आणि प्रोग्राम चालवला. लाल अक्षरांनी खिडकी भरून गेली. न्यासानं वेबसाइट नवी केली होती, तक्ता काढून सूचनांच्या चौकटी केल्या होत्या. प्रोग्राम रोज दोनदा जाऊन तक्ता शोधत होता, त्याला तो सापडत नव्हता, आणि तो तसं ओरडून सांगतही होता. गुरुजींनीच त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता.

“माहीच चूक हाय, करिश्मा,” गुरुजी म्हणाले. “चूक लपवनाऱ्या पोट्ट्याले मी उनात उभं करत होतो.”

“उनात मंग उभे राहा,” मंदाबाई म्हणाल्या, “आधी गाडी काढा.”

तालुक्याच्या सेवा केंद्रात पोचले तेव्हा पावणेचार वाजले होते. उत्पन्नाचा दाखला चढला, गुणपत्रिका चढली, फोटो मात्र मोठा म्हणून तीनदा परत आला. तो दाबून दाबून लहान केला तोवर साडेचार झाले. मग सहा आकडी ओटीपी गेला गणपतच्या फोनवर, आणि गणपत होता शेळ्या घेऊन टेकाडामागे. चौथ्यांदा त्यानं फोन उचलला.

“हॅलो! कोन बोलते?”

“बाबा, मेसेजमधला नंबर सांगा! लवकर!”

“बँकवाल्यानं सांगतलं हाय, नंबर कोनाले सांगू नोको म्हनून.”

“मी करिश्मा हावो, बाबा!”

“सारे असंच म्हन्ते. शेरीचं नाव सांग.”

“चिंगी! चिंगी नाव हाय शेरीचं!”

चिंगीच्या कृपेनं नंबर मिळाला आणि चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी अर्ज गेला. पोच छापून निघाली तेव्हा गुरुजी केंद्राच्या पायरीवर बसून रडले. करिश्मानं आपल्या ओढणीनं त्यांचा चष्मा पुसून दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रुपवर सगळ्या गावापुढे चूक कबूल केली. तक्त्याऐवजी चौकटी वाचायला प्रोग्रामला शिकवलं, आणि एकही चौकट सापडली नाही तर ‘आज मला पान वाचता आलं नाही, माझ्या भरवशावर राहू नका’ असा निरोप टाकायला लावलं. पण लॅपटॉपच बंद पडला तर? म्हणून आणखी एक ओळ घातली. नवीन काही नसलं तरी रोज सकाळी सातला निरोप जायचाच: ‘पान पाहिलं. नवीन काही नाही.’ तो आला नाही तर समजावं, काहीतरी बिघडलंय.

शिष्यवृत्ती मिळाली. करिश्मा यवतमाळला शिकायला गेली, आणि पाहुण्यांना दुसऱ्या गावचे पोहे शोधावे लागले.

पौषात एकदा रात्रीपासून लाइट गेली होती. लॅपटॉप मेला आणि सातचा निरोप गेला नाही. गुरुजींना त्याचा पत्ताही नव्हता, ते घोंगडी ओढून झोपले होते. सव्वासातला अंगणात गलका ऐकून मंदाबाईंनी दार उघडलं, तर निम्मं गाव उभं. गणपतच्या हातात काठी, दोघी बायकांच्या डोळ्यांना पदर.

“काकू, गुरुजी कसे हायेत जी?”

“घोरून राह्यले. काहून?”

“सातचा मेसेज नाई आला नं!”

गुरुजी डोळे चोळत, घोंगडीसकट बाहेर आले. तेवढ्यात गणपतचा फोन वाजला. यवतमाळहून करिश्मा होती; सातचा निरोप तिच्याही फोनवर पडला नव्हता. गणपतनं फोन गुरुजींच्या कानाला लावला.

“गुरुजी? गुरुजी, तुमी हायेत नं?”

सारं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. त्यांनी घोंगडी सावरली, हात वर केला आणि वर्गातल्या पोरासारखं मोठ्यांदा म्हणाले, “हजर!”