तिरका काप

आईच्या भजनवर्गाची वेबसाइट मी करत होते. तिला पानाच्या वरच्या ग्रुपफोटोला तिरकी कड हवी होती, "त्या योगावाल्यांसारखी, झकास." मी फोटो आणि मजकुराच्या अख्ख्या चौकटीलाच क्लिप-पाथ, म्हणजे हव्या त्या आकारात कापणारा कोड, लावला. खालचा उजवा कोपरा तिरका उडाला. दिंडोशीच्या आमच्या हॉलमध्ये लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला.

"स्वरदा, फोन नंबर अर्धाच दिसतोय. आणि बाबा कुठेयत?"

वाट लागली. चौकट कापली की आतलं सगळंच कापलं जातं. रोज हेच काम करते मी, आणि घरच्याच कामात घाण केली! चडफडत क्लिप-पाथ फक्त फोटोला लावला, मजकूर त्याच्यावर वेगळा ठेवला. नंबर पूर्ण दिसला. बाबा मात्र फोटोतच उजव्या टोकाला, पेटीमागे बसलेले. ते कापलेलेच राहिले.

"काप उलट्या बाजूने घे," आई म्हणाली.

"मग तू जाशील. डाव्या टोकाला तूच आहेस."

"जाऊ दे गं. माझा आवाज तरी ऐकतात लोक. पेटीमागच्या माणसाकडे कोण बघतं?"

मला राग आला, कोणाचा ते कळेना. तिरकी कड काढूनच टाकली. त्याऐवजी लंबगोलाचा आकार दिला, खाली हलकी कमान आली. फक्त सतरंजीचे कोपरे गेले.

बाबांना दाखवलं. चष्मा लावून ते बराच वेळ बघत राहिले. स्वतःकडे त्यांची नजर गेलीच नाही, ती डाव्या टोकाला आईवरच होती.

"ही छान आलीय," ते म्हणाले.