कोंबडा, सूर्य आणि दिवा

कशेळ्याच्या दवाखान्यात जागा नव्हती. जाहिरातही निघाली नव्हती. हे ठाऊक असूनच गोदानं अर्ज लिहायला घेतला, आणि तिच्या बापानं, श्रीपतनं, कपाळाला हात लावला.

"बोलावल्याबिगर कोन जातं गं नोकरी मागायला?"

"विचारायला काय जातं, बाबा?"

गोदा मॅट्रिक झालेली. दोन वर्षं तिनं वरच्या ठाकरवाडीत प्रौढ शिक्षणाचा वर्ग चालवला होता. एक्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर तो बंद पडला आणि गोदा घरी बसली. पण वाडीशी नातं काही सुटलं नाही. तिथली ठमी तिला हाक मारून बोलवायची, रानातली करटुली पदरात घालायची. अशीच एकदा ठमीकडं बसली असताना गोदाला कुडाच्या फटीत खोचलेल्या कागदाच्या पुड्या दिसल्या. दवाखान्यातल्या गोळ्या. निम्म्याहून जास्त तशाच.

"ह्या गं कशाला ठेवल्यास?"

"ऱ्हायल्या," ठमी म्हणाली. "टाकायच्या कशा? औषद हाय ते."

'ऱ्हायल्या' हा शब्द गोदाच्या मनातून जाईना. मग तिनं एक ठरवलं. तीन दिवस ती वाडीत फिरली. चौदा घरी गेली. प्रत्येक ठिकाणी आधी विचारलं, पुड्या बघू का, आणि हो म्हणाले तरच बघितल्या. वहीत कुणाचं नाव लिहिलं नाही. घर पहिलं, घर दुसरं, एवढंच. एकंदर तेवीस पुड्या निघाल्या. सहा संपलेल्या, सतरा अर्धवट. का राहिल्या, हे विचारल्यावर अकरा जणींनी एकच सांगितलं. गोळी जेवल्यावर घ्यायची, तीनदा. पण दुपारी जेवतंय कोण? सकाळी भाकर खाऊन मोळीला जायचं, ते संध्याकाळी चूल पेटेपर्यंत. दुपारची गोळी राहायची. ती राहिली की मग कुठली कधीची हेच कळायचं नाही, आणि सगळीच पुडी कुडात जायची.

गोदानं मग पुड्यांसाठी कागद कापले आणि त्यांवर चित्रं काढली. सकाळसाठी कोंबडा, दुपारसाठी डोक्यावरचा सूर्य, संध्याकाळसाठी दिवा. तीन घरी तिनं गोळ्या तशाच ठेवून, फक्त वाटे करून, त्या चित्रांच्या कागदात बांधून दिल्या. दुपारच्या गोळीचं मात्र काही सुचवलं नाही. ते डॉक्टरांचं काम. आठवड्यानं जाऊन पाहिलं तर तिन्ही घरी कोंबडा आणि दिवा रिकामे होते, सूर्य भरलेला.

हे सगळं तिनं दीड पानात मांडलं. शेवटी लिहिलं, "तीन घरांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. चौदा घरं ही एकाच वाडीची आहेत. पण दवाखान्यानं विचार करावा असं वाटतं." सोबत चित्रांचे तीन कोरे कागद जोडले. वर अर्ज, की जागा नसली तरी असं काम करायची माझी इच्छा आहे. आणि मधेच, लिहिण्याच्या भरात, तिच्या हातून एक ओळ गेली: "कंपाउंडर रुग्णांना नीट समजावून सांगत नाहीत."

दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर विमलबाईंच्या टेबलावर पाकीट ठेवून ती परत आली.

पाचव्या दिवशी दवाखान्याचं कार्ड आलं. जागा नाही, नाव नोंदवून ठेवलं आहे. श्रीपतनं ते वाचून फळीवर ठेवलं. त्याच्या आईची, चंद्राबाईंची, नजर मात्र नातीच्या तोंडावरून हलेना. "ये, भाकर खा," एवढंच म्हणाल्या.

त्याच आठवड्यात, उन्हं कलताना, दारात एक म्हातारासा माणूस उभा राहिला. पांढरा शर्ट, छातीशी धरलेली कापडी पिशवी. कंपाउंडर काळूराम. सगळं कशेळं त्यांना ओळखायचं. गोदा उठून उभी राहिली.

"तू गोदा?" ते खाटेवर टेकले. पिशवीतून तिचा कागद काढला. डॉक्टरांनी त्यांना वाचायला दिला होता. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे तू बगितलंस?"

गोदाला कुठली ओळ ते वाचावं लागलं नाही.

"पुड्या तू मोजल्यास, ते खरं. अकरा जणींनी तुला सांगितलं, ते बी खरं. पर मी सांगत नाय, हे तुला कुनी सांगितलं? औषदाच्या खिडकीपाशी तू कदी उभी ऱ्हायलीस?"

"नाही, काका." तिचे कान तापले. "मी... असंच असणार, असं वाटलं."

"सत्तावीस वर्सं मी त्या खिडकीत हाय, पोरी. एका सकाळी साठ-साठ मानसं. परत्येकाला सांगतो, सकाळ, दुपार, संध्याकाळ, जेवल्यावर. माना डोलवतात. मी बी समजतो, झालं." चंद्राबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला, पण त्यांनी तो हातातच धरून ठेवला. "गोळ्या मोजून देतो ना मी. एक कमी नाय, एक जास्त नाय. त्या घरी जाऊन कुडात बसतात, हे मला ठाऊकच नव्हतं."

गोदानं त्यांच्या हातून कागद घेतला. पेन आणून ती ओळ खोडली, इतकी की खालचं अक्षर दिसेना. वर लिहिलं, "खिडकीवर काय सांगितलं जातं, ते मी पाहिलेलं नाही."

"चुकले, काका."

"चुकलीस," ते म्हणाले. मग पिशवीतून कोंबड्याचा कागद निघाला. "हा कोंबडा मात्र बेस हाय. तुरा जरा मोटा काढ. माजी नजर अदू झालीय, मलाच दिसंना." चंद्राबाई खुदकन हसल्या आणि काळूरामांनीही शेवटी पाणी प्यायलं.

गुरुवारी त्यांनी तिला दवाखान्यात नेलं. विमलबाईंनी आधी तिची खरडपट्टी काढली: न पाहिलेलं लिहिलं तर पाहिलेलं सुद्धा खोटं ठरतं. मग विचारलं, दुसऱ्या वाडीतही असंच निघेल का? गोदा म्हणाली, माहीत नाही. हे उत्तर बाईंना आवडलं असावं. रक्त वाढवायच्या लाल गोळ्या दिवसातून दोनदा दिल्या तरी चालतील, असं त्या म्हणाल्या; बाकीच्या औषधांचं एकेक करून बघायचं ठरलं. पक्की जागा देता येणार नव्हती. तीन महिने, अर्धा दिवस, खिडकीशी बसायचं आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या वाडीत जाऊन पुड्या बघायच्या. पुढचं पुढं.

पहिल्याच सकाळी ठमी आली, खोकणारी पोर कडेवर घेऊन. काळूरामांनी आपलं स्टूल सरकवलं आणि खिडकीत गोदासाठी जागा केली. त्यांनी औषध बांधलं, चित्रांवर बोट ठेवून सांगितलं. ठमीनं मान डोलवली.

"मान नको," गोदा म्हणाली. "आता तू काकांना सांग, पोरीला कधी द्यायचं."

ठमी लाजली. पदर दातात धरून तिनं पुडीकडं पाहिलं आणि हळूहळू, पहिल्यांदाच त्या खिडकीतून आत, काळूरामांना समजावून सांगू लागली. ते कान पुढं करून, अगदी मन लावून ऐकत होते.